रात्रीच्या फुटेजमधले तरंगते पांढरे गोळे: ते का दिसतात, कसे थांबवायचे आणि रेकॉर्ड झालेल्या क्लिपमधून कसे काढायचे

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. दिवसा सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं चित्र उत्तम. अंधार पडला, कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइट झाला, की पडद्यावर पांढरे, अर्धपारदर्शक गोळे तरंगू लागतात. काही संथ वर चढतात, काही झपकन आडवे जातात, काहींच्या मागे नागमोडी शेपूट असते. मोबाइलवर रात्रभर मोशनचे अलर्ट येतात, आणि सकाळी ज्या पाच मिनिटांचं फुटेज खरंच हवं असतं तिथे माणसाच्या चेहऱ्यावरून नेमका एक गोळा गेलेला असतो. काच पुसून होते, आयआर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाची तीव्रता कमी करून होते, कधी कॅमेराही बदलला जातो. गोळे परत येतात.

ते परत येण्यामागे एकच कारण आहे. ते समजलं की कोणत्या उपायावर वेळ घालवायचा आणि कोणता सोडून द्यायचा हे आपोआप ठरतं.

गोळा कसा तयार होतो

बुलेट कॅमेऱ्यात आयआर एलईडी लेन्सच्या अगदी भोवती, दोन-तीन सेंटिमीटरवर बसवलेले असतात. त्यामुळे लेन्ससमोरची पहिली वीतभर हवा प्रखर उजेडात न्हाऊन निघते. तिथून धुळीचा कण गेला की त्यावर पडलेला उजेड जवळजवळ सरळ मागे, लेन्समध्येच परततो. कण इतका जवळ असतो की तो फोकसमध्ये येऊ शकत नाही. म्हणून त्याचा ठिपका न उमटता चकती उमटते, आणि चकतीचा आकार लेन्सच्या छिद्रासारखा, म्हणजे गोल असतो.

आकडे घालून बघितलं तर चित्र स्पष्ट होतं. बाजारात सर्रास मिळणारा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या: ४ मिमी लेन्स, एफ/१.६, म्हणजे छिद्राचा व्यास २.५ मिमी. फोकस लांबवर लावलेला असेल तर १० सेंटिमीटरवरच्या कणाची चकती सेन्सरवर ०.१ मिमी रुंद पडते. सेन्सरचा एक पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉनचा धरला तर हे झाले जवळपास ३४ पिक्सेल. कण ५ सेंटिमीटरवर आला की ६९ पिक्सेल. हाच कण १ मीटरवर असेल तर चकती जेमतेम साडेतीन पिक्सेलची.

आता तेज. कण १० सेंटिमीटरवर आणि मागची भिंत १० मीटरवर असेल, तर अंतर शंभर पट कमी म्हणून कणावर भिंतीच्या दहा हजार पट प्रखर उजेड पडतो. तो परतलेला उजेड चकतीभर पसरून पातळ होतो, हे धरूनही ५० मायक्रॉनच्या, म्हणजे बारीक केसाच्या जाडीच्या कणाची चकती त्या भिंतीच्या चौपट उजळ दिसते. कण २० सेंटिमीटरवर गेला की चकती भिंतीइतकीच उजळ उरते. १ मीटरवर भिंतीच्या ४ टक्के, म्हणजे दिसतच नाही. थोडक्यात, धुळीचा सगळा त्रास लेन्ससमोरच्या पहिल्या वीत-दीड वीत हवेतून येतो.

किड्यांचं गणित थोडं वेगळं आहे. २ मिमीचा किडा धुळीच्या कणापेक्षा चाळीस पट रुंद असतो, त्यामुळे तो १ मीटरवरूनही चमकतो. तिथे त्याची मोठी चकती होत नाही, बारीक ठिणगी किंवा रेघ होते. शटर १/२५ सेकंद असेल आणि किडा सेकंदाला १ मीटर वेगाने उडत असेल, तर एका फ्रेममध्ये तो ४ सेंटिमीटर सरकतो. त्या वेळात पंख वर-खाली होतात आणि रेघेला दोन्ही बाजूंनी लाटा येतात. व्हॉट्सॲपवर ‘उडणारा साप’ किंवा ‘आत्मा’ म्हणून फिरणाऱ्या क्लिपांमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. घरातलं कुणी अशी क्लिप बघून खरोखर घाबरलं असेल तर समजुतीच्या गोष्टी सांगत बसू नका. खाली दिलेली पोत्याची चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवा.

आयआरची तीव्रता कमी केली तरी फरक का पडत नाही

सगळ्यात जास्त सुचवला जाणारा उपाय हाच आहे, आणि सगळ्यात जास्त निराशाही याच्यातूनच येते. एलईडीचा उजेड निम्मा केला की कणावरचा उजेड निम्मा होतो आणि भिंतीवरचाही निम्मा होतो. गोळा भिंतीच्या चौपट उजळ होता, तो चौपटच राहतो. वर चित्र अंधारलेलं बघून कॅमेरा आपला गेन, म्हणजे चित्र कृत्रिमरीत्या उजळवण्याचं प्रमाण वाढवतो, म्हणजे गोळा होता तिथेच आणि भोवती दाणेदार नॉइज जास्तीचा. एक्स्पोजर कमी करणं, ब्राइटनेस उतरवणं यांचंही तेच. स्मार्ट आयआर जवळ आलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडू देत नाही, त्यासाठी तो चालू असावा. गोळ्यांवर त्याचा उपयोग नाही.

थ्रीडी नॉइज रिडक्शन पूर्ण वाढवला तर लहान ठिपके थोडे पुसट होतात, पण मोठ्या गोळ्यांना भुतासारखी शेपटं येतात आणि चालणारा माणूसही पुसट होतो. तो मध्यावर ठेवा.

गुणोत्तर बदलायचं असेल तर कण आणि भिंत यांना मिळणाऱ्या उजेडातला फरक बदलावा लागतो. म्हणजे उजेडाची जागा बदलायची.

आधी खात्री करा की हे तेच आहे

पोत्याची चाचणी अशी. रात्री कॅमेरा आयआर मोडवर असताना शिडीवर उभं राहून लेन्सपासून वीतभर अंतरावर, जरा खालच्या बाजूला कोरडं गोणपाट किंवा जुनं फडकं एकदाच झटका. दुसऱ्या माणसाने मोबाइलवर लाइव्ह चित्र बघायचं. गोळ्यांचा लोंढा दिसला की निदान पक्कं. मग आयआर बंद करून, अंगणातला लांबचा दिवा लावून तेच परत करा. धूळ तेवढीच उडेल, पण गोळे दिसणार नाहीत. ही क्लिप जपून ठेवा, कारण उपाय केल्यावर तुलना हिच्याशीच करायची आहे.

गोळा जागचा हलत नसेल तर प्रकरण वेगळं: काचेवरचा थेंब, डाग किंवा चिकटलेला कण. पूर्ण चित्रावर दुधी पडदा असेल तर काच मळलेली आहे, किंवा डोम कॅमेऱ्यात लेन्सभोवतीची फोमची रिंग घुमटाला नीट टेकत नाही आणि आयआर आतल्या आत लेन्समध्ये शिरतोय. तो घुमट काढून रिंग नीट बसवली की पडदा जातो. आणि जाड पांढरी दोरी चित्रात झुलत असेल तर ते कोळ्याचं जाळं. एलईडीची ऊब आणि त्याच्याभोवतीचे किडे, दोन्ही कोळ्याला सोयीचे. आठवड्यातून एकदा मऊ कुंचल्याने जाळं काढा. कीटकनाशक फवारायचंच असेल तर ब्रॅकेट आणि मागच्या भिंतीवर फवारा, काचेवर नको. काचेवर त्याचा तेलकट थर बसतो आणि चित्र आणखी दुधी होतं. पुढचा भाग ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटचा असेल तर द्रावकामुळे त्याला बारीक तडेही जाऊ शकतात.

कायमचा उपाय: आयआर लेन्सपासून दूर नेणे

एक नेमकी मांडणी घेऊ. कांदाचाळ आहे. कॅमेरा समोरच्या खोलीच्या भिंतीवर ३ मीटर उंचीवर, चाळीचं तोंड १० मीटरवर. उन्हाळ्यात भरलेल्या कांद्याची सुकी टरफलं आणि पातीचा भुगा वाऱ्याने सतत उडत असतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे थवेच्या थवे निघतात. धूळ आणि किडे या दोन्हींसाठी यापेक्षा कठीण जागा क्वचितच मिळेल.

इथे कॅमेऱ्याचा स्वतःचा आयआर बंद करायचा आणि वेगळा आयआर इल्युमिनेटर लावायचा. तो १२ व्होल्टचा, ८५० नॅनोमीटरचा, ६० अंशांचा घ्या. ९४० नॅनोमीटरचा दिवा अंधारात लाल चमकत नाही हे खरं, पण त्या तरंगलांबीला सेन्सर बराच कमी संवेदनशील असतो आणि पल्ला साधारण निम्म्यावर येतो. चोराला दिवा दिसू नये ही मुख्य गरज असेल तरच तो घ्यावा.

दिवा लावायचा कुठे, यात खरी मेख आहे. कॅमेऱ्याला दिसणारा भाग आणि दिव्याने उजळलेला भाग हे दोन फुगत जाणारे शंकू आहेत. ते एकमेकांना जिथे पहिल्यांदा भिडतात, तिथपर्यंतची लेन्ससमोरची हवा अंधारात राहते. हे अंतर असं निघतं:

```
D = B / (tan a + tan b)
```

B म्हणजे कॅमेरा आणि दिवा यांच्यातलं अंतर, a कॅमेऱ्याचा निम्मा कोन आणि b दिव्याचा निम्मा कोन. दोघांची तोंडं समांतर धरली आहेत.

दिवा त्याच उंचीवर १.५ मीटर बाजूला लावला तर कॅमेऱ्याचा आडवा कोन मोजायचा. ४ मिमी लेन्सला तो सुमारे ८० अंश, निम्मा ४०. मग ०.८४ अधिक ०.५८ म्हणजे १.४२, आणि अंधारी पट्टी १.०६ मीटरची. तोच दिवा बाजूला न लावता १.५ मीटर वर, गच्चीच्या कठड्याखाली लावला तर उभा कोन मोजायचा. तो सुमारे ४४ अंशच असतो, निम्मा २२. मग ०.४० अधिक ०.५८ म्हणजे ०.९८, आणि पट्टी १.५३ मीटरची. दिवा तोच, वायर तेवढीच, तरी फक्त वर नेल्याने अंधारी पट्टी जवळपास दीडपट झाली. चित्र आडवं असल्यामुळे वरच्या दिशेने कॅमेऱ्याची नजर लवकर संपते, त्याचा हा फायदा.

खाली लावला तरी गणित तेच येतं, पण मग जवळची जमीन भाजल्यासारखी पांढरी दिसते, पावसात उडणारे थेंब उजळतात आणि गुरंढोरं धक्का मारतात. वरच लावा. जास्त रुंद, ९० अंशांचा दिवा घेतला तर वर लावूनही पट्टी १.०७ मीटरवर येते, म्हणून गरजेपुरताच रुंद दिवा निवडावा.

कॅमेरा आणि दिवा खाली झुकवले की समांतरपणा थोडा मोडतो. दोन्ही सारखेच झुकवले तर हिशेब जवळजवळ तसाच राहतो. दिवा जास्त झुकवला तर त्याचा झोत कॅमेऱ्याच्या पुढ्यात येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. झोताचा मध्य चाळीच्या तोंडावर ठेवा, अंगणाच्या मध्यावर नको.

कॅमेऱ्याचा आयआर बंद करताना

मेनूत `Illuminator`, `IR Light` किंवा `Supplement Light` अशा नावाने सेटिंग असतं. ते `Off` करा, पण `Day/Night` मोड रात्रीचाच राहिला पाहिजे. रात्रीच्या मोडमध्ये सेन्सरपुढची आयआर अडवणारी काच बाजूला होते. ती पुढेच राहिली तर बाहेरचा दिवा कितीही मोठा असो, चित्र काळंच दिसेल. पहिल्या रात्री ‘दिवा खराब निघाला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे बरेचदा हेच असतं.

दुसरा बिघाड चित्र दर थोड्या वेळाने रंगीत, काळं, पुन्हा ब्लॅक अँड व्हाइट असं फिरण्याचा. काही कॅमेरे दिवस-रात्र चित्राच्या उजेडावरून ठरवतात. बाहेरच्या आयआरने चित्र उजळलं की त्यांना दिवस उगवल्यासारखं वाटतं, ते रंगीत मोडवर जातात, आयआर अडतो, चित्र काळं पडतं, आणि ते परत रात्रीवर येतात. यावर `Auto` सोडून वेळापत्रक लावणं हा खात्रीचा इलाज आहे. महाराष्ट्रात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, त्यामुळे वर्षातून दोनदा वेळा बदलाव्या लागतील. दिव्याला स्वतःचा लाइट सेन्सर असतो, तो आपापला लागतो.

स्वस्त कॅमेऱ्यात आयआर बंद करायची सोयच नसते. तिथे एलईडी झाकावे लागतात. एलईडीच्या प्लेटवर एक छोटा, नागमोडी रेघांचा सेन्सर असतो, तो उघडा ठेवा. तो झाकला तर भर दुपारीही कॅमेरा रात्रीच समजेल. एलईडीचं कनेक्टर उपटणंही टाळा, कारण काही मॉडेलमध्ये त्याच प्लेटवरून कॅमेऱ्याला रात्र झाल्याचा इशारा जातो. झाकायला नुसती काळी इन्सुलेशन टेप वापरू नका. डोळ्याला काळं दिसणारं काही प्लॅस्टिक आयआरला आरपार जाऊ देतं, शिवाय उष्णतेने टेपचा गोंद ओघळतो. एसीच्या डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची टेप आधी चिकटवा आणि तिच्यावर काळी टेप. मग मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. बऱ्याच फोनमध्ये त्याचा आयआर फिल्टर सौम्य असतो, म्हणून गळणारा उजेड जांभळट दिसतो. आधी न झाकलेला एलईडी बघून तुमच्या फोनला तो दिसतो ना, हे पडताळून घ्या.

वायरिंगमध्ये एकच चूक वारंवार होते: कॅमेऱ्याच्याच ॲडॉप्टरवरून दिवा चालवणं, तोही लांबून. कॅट-५ई वायरची एक जोडी वापरून २० मीटरवर १ अँपिअर नेला तर वाटेतच साधारण साडेतीन व्होल्ट पडतात. दिवा मंद जळतो आणि तो लागताच कॅमेरा रिस्टार्ट होतो. दिव्याला वेगळा १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॉप्टर द्या आणि तो पाणी न शिरणाऱ्या डब्यात दिव्याजवळच ठेवा.

सगळं बसवल्यावर पोत्याची चाचणी पुन्हा करा. वीतभर अंतरावर उडालेली धूळ आता दिसायला नको. तरीही फिके गोळे दिसत असतील तर दिव्याचा बाजूला सांडणारा उजेड कॅमेऱ्याच्या पुढ्यात पोचतोय. दिव्यासमोर चार इंची पीव्हीसी पाइपचा आतून काळा रंगवलेला, १० सेंटिमीटर लांब तुकडा बसवला की तो अडतो. झोताच्या कडा कापल्या जात नाहीत ना, ते लाइव्ह चित्रात बघून पाइप थोडा कमी करा.

किडे मात्र पूर्ण जाणार नाहीत. अंधाऱ्या पट्टीच्या पलीकडे उडणारा किडा उजळेलच, पण ७० पिक्सेलच्या गोळ्याऐवजी पाच-सहा पिक्सेल जाडीची रेघ दिसेल, आणि तिच्यामागे चेहरा लपत नाही. किड्यांची संख्या कमी करायची तर साध्या दिव्यांकडे बघा. किड्यांचे डोळे जांभळ्यापलीकडच्या, निळ्या आणि हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, आयआर त्यांना जवळजवळ दिसत नाही. त्यांना कॅमेऱ्यापाशी ओढून आणते ती शेजारची पांढरी ट्यूब, किंवा रात्री रंगीत चित्र देणाऱ्या कॅमेऱ्याचा स्वतःचा पांढरा एलईडी. तो एलईडी बंद करा, आणि अंगणातला बल्ब पिवळा, कॅमेऱ्यापासून ५-६ मीटर लांब ठेवा. वाळवी उडण्याच्या एक-दोन संध्याकाळी तोही मालवलेला बरा.

मोशन अलर्टसाठी, कॅमेऱ्यात माणूस-वाहन ओळखण्याची सोय असेल तर तीच वापरा आणि लक्ष्याचा किमान आकार ठरवा. चाळीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस चित्रात जेवढा उंच दिसतो, त्याच्या निम्म्याखालचं काहीही मोजू नका. जुन्या गोळ्यांच्या जागी उरलेल्या रेघा या चाळणीत सहज अडतात.

मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश

नियम तोच. फोनचा फ्लॅश लेन्सच्या शेजारी असतो, म्हणून धुळीच्या वाड्यात, गडावरच्या गुहेत किंवा धुक्यात गोळे येतात. फोनचा टॉर्च बंद ठेवून वेगळी बॅटरी दुसऱ्या हातात, हात पूर्ण लांब करून, फोनच्या किंचित मागे धरा. अर्धा मीटर अंतर मिळालं तरी पहिली वीतभर हवा अंधारात जाते. जंगलातल्या ट्रॅप कॅमेऱ्यात दिवा अंगातच असतो, त्यामुळे तिथे लेन्ससमोरचं गवत आणि पानं काढणं आणि धुळीच्या वाटेपासून कॅमेरा बाजूला घेणं एवढंच हातात असतं.

रेकॉर्ड झालेल्या क्लिपमधून गोळे काढणे

चोरीचं किंवा अपघाताचं फुटेज असेल तर मूळ फाइलला हात लावायचा नाही. डीव्हीआरमधून काढल्या क्षणी तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा नोंदवा आणि सगळं काम प्रतीवर करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. विंडोजवर तो असा मिळतो:

```
certutil -hashfile mul.mp4 SHA256
```

साफ केलेली क्लिप ही फक्त बघण्याच्या सोयीची प्रत. पोलिसांना देताना मूळही द्या आणि काय केलं तेही लिहून द्या.

स्थिर कॅमेऱ्याच्या फुटेजसाठी सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे काळातला मध्यक. एका पिक्सेलच्या लागोपाठच्या काही फ्रेममधल्या किमती घेऊन चढत्या क्रमाने लावायच्या आणि मधली ठेवायची. भिंतीचा पिक्सेल सातपैकी तीन फ्रेममध्ये गोळ्याने पांढरा झाला आणि चारमध्ये भिंतच असेल, तर मधली किंमत भिंतीची निघते आणि गोळा नाहीसा होतो. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅममध्ये यासाठी `tmedian` फिल्टर आहे:

```
ffmpeg -i prat.mp4 -vf "tmedian=radius=3" -c:v libx264 -crf 16 -c:a copy saaf.mkv
```

`radius=3` म्हणजे एकूण ७ फ्रेम. हा आकडा अंदाजाने ठेवू नका. क्लिप फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन गोळा एकाच जागेवर किती फ्रेम राहतो ते मोजा. ६० पिक्सेलचा गोळा दर फ्रेमला २० पिक्सेल सरकत असेल तर एका पिक्सेलवर तो ३ फ्रेम राहतो. एकत्र घेतलेल्या फ्रेमची खिडकी त्याच्या दुपटीहून मोठी हवी, म्हणजे ७. संथ तरंगणारी धूळ ५-६ फ्रेम थांबत असेल तर `radius` वाढवत नेण्याऐवजी मध्यकाच्या खालची किंमत उचला. गोळे नेहमी उजळच असतात, म्हणून गडद बाजूला झुकणं चालतं:

```
ffmpeg -i prat.mp4 -vf "tmedian=radius=4:percentile=0.25" -c:v libx264 -crf 16 -c:a copy saaf.mkv
```

`percentile` ०.५ म्हणजे मध्यक आणि ० म्हणजे सर्वांत गडद किंमत. ०.२ च्या खाली गेलात तर पूर्ण चित्र अंधारतं आणि नॉइजचे काळे दाणे ठळक होतात. आउटपुट एमकेव्हीमध्ये घेतलं आहे, कारण डीव्हीआरचा आवाज बरेचदा जी.७११ प्रकारचा असतो आणि एमपी४ मध्ये तो तसाच कॉपी होत नाही.

या पद्धतीची मर्यादा गंभीर आहे. फिल्टरला गोळा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. जे जे एका जागेवर थोड्याच फ्रेम थांबतं ते पुसलं जातं. धावणाऱ्या माणसाचे हातपाय अर्धे गायब होतात, मोटारसायकल विरून जाते. म्हणून साफ क्लिप थेट वापरायची नसते. एडिटरमध्ये खाली मूळ क्लिप आणि वर साफ क्लिप असे दोन थर लावा. पडद्यावरचं घड्याळ जुळवून दोन्ही फ्रेमशी फ्रेम बसवा, गरज पडली तर वरचा थर तीन-चार फ्रेम सरकवा. मग वरच्या थरावर मास्क काढा, ज्यात फक्त चाळ, भिंत आणि अंगण येईल, आणि माणूस जिथून जातो तो पट्टा मूळ क्लिपचाच राहील. माणूस सरकेल तसा मास्क दर १०-१२ फ्रेमला हलवा.

गोळा नेमका चेहऱ्यावरच असेल तर त्या फ्रेममध्ये चेहरा परत मिळवता येत नाही. गोळा पूर्ण पांढरा झाला असेल तर तिथे माहितीच उरलेली नसते. तो अर्धपारदर्शक असेल तर तेवढ्या गोल भागावर कर्व्ह्ज वापरून काळा बिंदू उजवीकडे सरकवा, मागचे डोळे-नाक थोडे उघडे पडतात. नाहीतर आधीच्या किंवा पुढच्या फ्रेममध्ये चेहरा मोकळा आहे का ते बघा आणि ओळख पटवण्यासाठी ती फ्रेम वेगळी काढून द्या. शेजारचे पिक्सेल भरून चेहरा ‘दुरुस्त’ करायचा नाही. तसं केलं तर तो चेहरा त्या माणसाचा राहत नाही.

हातात धरून काढलेल्या मोबाइल क्लिपवर `tmedian` चालत नाही, कारण मागचं दृश्यच हलत असतं आणि सगळं चित्र पुसट होतं. तिथे गोळा असलेल्या फ्रेम निवडून, आधीच्या फ्रेममधला तोच भाग उचलून, कडा मऊ करून हातानेच चिकटवावा लागतो. १० सेकंदांपेक्षा लांब क्लिपसाठी हे काम सहसा परवडत नाही. जागा पुन्हा गाठता येत असेल तर बॅटरी दुसऱ्या हातात धरून शॉट परत घेणं सोपं पडतं.